चौदा आट्यांचा कट

आमच्या गावात पाणी लिटरमध्ये मोजायची पद्धत माझ्याबरोबर आली. त्याआधी ते आट्यांत मोजलं जायचं. व्हॉल्व्हची चावी एकदा पूर्ण फिरवली की एक आटा. बाजाराला नऊ आटे, शाळेच्या चौकाला अकरा, तहसीलच्या मागच्या कॉलनीला सहा, आणि तिथं एखादे साहेब बदली होऊन आले की आठ. हा सगळा हिशोब एका माणसाच्या डोक्यात होता. त्यांना गाव मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. बावीस वर्षं ते रोजंदारीवर व्हॉल्व्हमन होते. चेंबरचं झाकण उचलायचं, खांद्यावरची उंच चावी आत घालायची आणि ओठ हलवत आटे मोजायचे, एवढंच त्यांचं काम.

गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्यासकट कुणाचीच शोभा नाही. येलदरी धरण भरल्याचा फोटो पेपरात पहिल्या पानावर आला तरी आमच्या नळाला पाणी चौथ्या दिवशीच यायचं. चार भाग, चार पाळ्या. ज्याची पाळी त्याच्याकडे सगळं पाणी, बाकीच्यांचे व्हॉल्व्ह बंद. चौथी पाळी रुळापलीकडच्या वस्तीची. तिथं विहाराच्या मागे जमिनीत एक मोठा हौद आहे. पाणी आधी त्यात पडतं आणि मग गल्ल्यांत जातं.

मी पाणीपुरवठ्याची कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्या अंगात पदवीचा ताप होता. माझं लहानपण चुडाव्याकडच्या एका गावात, अशाच एका वस्तीत, हौदावर रांगेत उभं राहण्यात गेलं. त्यामुळे आपण आता रांगा संपवणार, असं मला मनापासून वाटत होतं. आज ते आठवलं की हसू येतं, आणि थोडी लाजही वाटते.

पहिल्याच आठवड्यात मी मामांची चूक पकडली. गावाबाहेरच्या फिल्टरवरून, म्हणजे जलशुद्धीकरण केंद्रावरून, पाणी दोन टाक्यांत येतं. एक जुनी, उंचावरची. एक नवी, जरा सखल भागातली. जुन्या टाकीतून एक नळ बाजार चौकात उतरतो आणि तिथून मोठ्या पुलाखालून वस्तीच्या हौदात जातो. नव्या टाकीतून एक नळ शाळेच्या चौकात येतो आणि तिथून रेल्वेच्या रुळाखालून त्याच हौदात. या दोन वाटांना जोडणारा एक मधला नळ आहे, जुन्या टाकीपासून थेट शाळेच्या चौकापर्यंत. त्याला जोडलाइन म्हणतात. वस्तीच्या पाळीला मामा या जोडलाइनचा व्हॉल्व्ह ठार बंद ठेवायचे.

"मामा, हा बंद का?"

"मॅडम, त्यो मोकळा केला की पानी कमी व्हतंय."

मी हसले. वाट उघडल्यावर पाणी कमी कसं होईल? रस्ता बंद ठेवून गर्दी पुढे सरकते का कधी? मी त्यांना हे समजावून सांगितलं, अगदी प्रेमानं, जसं शिकलेली माणसं न शिकलेल्यांना सांगतात तसं. ते ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "लेखी द्या मग."

मला ते आवडलं. कामात लेखी पद्धत असावी, असं माझंही मत होतं. मी सहीशिक्क्यानिशी आदेश काढला. वर मामांचं संपूर्ण नाव, पुढे 'व्हॉल्व्हमन, पाणीपुरवठा विभाग', आणि खाली ठणठणीत शब्दांत: वस्तीच्या पाळीच्या दिवशी जोडलाइनचा व्हॉल्व्ह पूर्ण चौदा आटे उघडा ठेवावा. मामांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली, तंबाखूच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि बनियनच्या आतल्या खिशात ठेवला. नंतर चेंबरवर जाऊन चौदा आटे मोजले.

त्यानंतर नवी टाकी पाळीच्या दिवशीही काठोकाठ भरलेली दिसू लागली. मी मासिक अहवालात अभिमानाने लिहिलं, 'टाकी पूर्ण क्षमतेने भरत आहे.' टाकी भरलेली राहते याचा अर्थ तिच्यातलं पाणी कुणाकडे जात नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी एका सोमवारी वस्तीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन कार्यालयात आल्या. पुढे एक अंगणवाडीच्या बाई होत्या. त्यांचा आवाज असा की तो जिन्यावर ऐकूनच मुख्याधिकारी साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. ते अर्थातच उघडलं गेलं.

"सायब, मागच्या दोन गल्ल्यांत थेंब यीना झालाय. पयले येत हुतं. आता कुटं जायलंय पानी?"

साहेब पश्चिमेकडून बदलून आलेले, इस्त्रीचे, आकड्यांचे भक्त. त्यांनी वस्तीच्या पुढच्या पाळीला स्वतः हौदावर जाऊन घड्याळ लावलं. हौदाच्या आतल्या भिंतीवर मामांनी ऑइलपेंटच्या रेघा ओढल्या आहेत, दर दहा हजार लिटरला एक. हौदातून गल्ल्यांत जाणारा व्हॉल्व्ह बंद करून तासभर पाणी घेतलं. पाणी सातव्या रेघेला लागलं.

"फिल्टरवरचे पंप तासाला एक लाख दहा हजारांचे," साहेब मला म्हणाले. "हौदात सत्तर. चाळीस हजार कुठे गेले?"

प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र त्यांनी प्रश्नाबरोबरच आणलं होतं. गावात पाणी कमी पडलं की व्हॉल्व्हमन चोर ठरतो. त्यात मामा टँकरवाल्याच्या हॉटेलात चहा पितात, हे तिघांनी पाहिलं होतं. तो चहा ते वीस वर्षं तिथंच पीत होते, कारण गावात सकाळी पाचला उघडणारं दुसरं हॉटेल नव्हतं. पण पुरावा म्हणून चहा पुरेसा झाला. साहेब म्हणाले, "आठ दिवसांत तांत्रिक अहवाल द्या. मग याला काढून टाकू."

त्याच महिन्यात जुन्या रोजंदारीवाल्यांना कायम करण्याची यादी वर जाणार होती. बावीस वर्षांनंतर मामांचं नाव यादीत लागणार होतं. आता ते यादीऐवजी गेटबाहेर जाणार होतं.

मला खरंच वाईट वाटलं. मामा पाणी विकत नाहीत, याची मला खात्री होती. जो माणूस गळका व्हॉल्व्ह दिसला की स्वतःच्या धोतराची चिंधी फाडून बांधतो, तो पाणी काय विकणार? पण खात्री फाइलला जोडता येत नाही. मग मला आमचे कॉलेजातले एक सर आठवले. ते नळ, रस्ते, तारा असली सगळी जाळी फळ्यावर गोल आणि बाण काढून सोडवायचे. त्यांचा एकच सवाल असे: या टोकापासून त्या टोकापर्यंत जास्तीत जास्त किती जाईल? तेव्हा मी मागच्या बाकावर बसून त्या गोलांना डोळे आणि मिशा काढायचे.

रविवारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरला आणि गोल काढले. फिल्टर, जुनी टाकी, नवी टाकी, बाजार चौक, शाळेचा चौक, हौद. मग प्रत्येक नळातून तासाला जास्तीत जास्त किती जाऊ शकतं ते बाणावर लिहिलं, हजार लिटरांत. फिल्टर ते जुनी टाकी साठ. फिल्टर ते नवी टाकी पन्नास. जुन्या टाकीपासून बाजार चौक चाळीस. बाजारापासून हौद साठ. जोडलाइन तीस. नव्या टाकीपासून शाळेचा चौक चाळीस, आणि शाळेच्या चौकापासून रुळाखालून हौद, तोही चाळीस.

जमिनीखालचं पाणी कागदावरच्या बाणांसारखं सरळ नसतं. दाब असतो, चढ असतो, नळात साचलेला गाळ असतो. पण कागद एक गोष्ट छातीठोकपणे सांगू शकतो: अमुक इतक्यापेक्षा जास्त कधीच येणार नाही, कुणी कितीही प्रामाणिक असलं तरी. मला तेवढंच हवं होतं.

सरांची रीत साधी. जागा शिल्लक असलेली एक वाट शोधायची, तिच्यातून मावेल तेवढं पाणी सोडायचं, मग दुसरी वाट. वाट सापडेनाशी झाली की थांबायचं. पहिली वाट मी माझ्या लाडक्या जोडलाइनची घेतली. जुनी टाकी, जोडलाइन, शाळेचा चौक, हौद. तीस गेले. दुसरी वाट नव्या टाकीतून, शाळेच्या चौकातून. पण रुळाखालच्या नळात आता दहाचीच जागा उरली होती. दहा गेले, नळ भरला. तिसरी वाट जुन्या टाकीतून बाजारमार्गे. जुन्या टाकीत साठ येतात, त्यातले तीस जोडलाइनला दिलेले, उरले तीस. तेवढे गेले. तीस, दहा, तीस. सत्तर.

मी ओट्यावर हात आपटला. बरोबर सत्तर! हौदाची सातवी रेघ! पुढे जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर कुठला ना कुठला नळ भरला होता. म्हणजे नळांची कुवतच सत्तरची, मामा निर्दोष, आणि चाळीस हजार कुणी चोरले नाहीत, ते फिल्टरवरून निघालेच नाहीत. नवी टाकी भरली की फिल्टरवरचा माणूस तिचा नळ बारीक करून पेपर वाचत बसतो, हे मला माहीतच होतं. मी चहा ठेवला.

चहा उकळेपर्यंत सरांचं दुसरं वाक्य आठवलं, जे मला नको होतं. ते म्हणायचे, वाट सापडत नाही म्हणून थांबू नका, आधी उलटे बाण तपासा. उलटा बाण म्हणजे पाणी मागे वाहतं असं नाही. आधी एका नळाला जे दिलं, ते परत घेऊन दुसरीकडे वळवता येतं, एवढाच त्याचा अर्थ. मी तपासलं. नव्या टाकीत पाणी पडून आहे. ते शाळेच्या चौकापर्यंत येऊ शकतं, पण पुढचा नळ भरलेला. तिथून जोडलाइनवर उलटं चढले. जोडलाइनला दिलेल्या तिसातले दहा परत घेतले की जुन्या टाकीचे ते दहा बाजाराकडे जातील, तिथं दहाचीच जागा आहे. आणि शाळेच्या चौकात मोकळी झालेली दहाची जागा नवी टाकी भरून काढेल. सत्तर अधिक दहा. ऐंशी.

पुन्हा शोधलं. आता पुढे जाणारी किंवा उलटी, कुठलीच वाट नव्हती. फिल्टरपासून जिथंवर पोचता येतं ते गोल पेन्सिलीने रंगवले: दोन्ही टाक्या आणि शाळेचा चौक. रंगवलेल्यातून न रंगवलेल्यात जाणारे नळ फक्त दोन. बाजारचा चाळीस, रुळाखालचा चाळीस. हे दोन तोडले तर हौदात थेंबही जाणार नाही, आणि हे दोन बदलल्याशिवाय ऐंशीच्या वर थेंबही वाढणार नाही. एक गावाच्या या टोकाला, एक त्या टोकाला. दोघांचा एकमेकांशी संबंध आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मग मी जोडलाइनचे तीसच्या तीस परत घेऊन पाहिले, म्हणजे तो व्हॉल्व्ह ठार बंद. बाजारमार्गे चाळीस, रुळाखालून चाळीस. ऐंशी. मामा बावीस वर्षं काढत होते तेच उत्तर. मी एका सहीने त्यातले दहा हजार घालवले होते. चहा उतू गेला.

आता माझ्यापुढे दोन अहवाल होते. सत्तरवर थांबले तर मामाही सुटत होते आणि मीही. फक्त गणित अर्धं राहत होतं आणि मागच्या दोन गल्ल्या कोरड्या. ऐंशी लिहिलं तर उरलेल्या दहांचा गुन्हेगार लागत होता. मी रात्रभर तळमळले वगैरे काही नाही. जेवले आणि झोपले. सकाळी ऐंशी लिहिलं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

पण खरं लिहिण्याच्या किती तरी तऱ्हा असतात. सरकारी मराठीत एक मोठी सोय आहे, क्रिया असते पण कर्ता नसतो. मी लिहिलं, 'जोडलाइनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असल्याचे आढळून आले, त्यामुळे दहा हजार लिटरची घट येत आहे.' आढळून आले. जणू तो व्हॉल्व्ह आपणहून उघडला होता आणि मला वाटेत भेटला. बाकी गणित मात्र शुद्ध मराठीत लिहायचा मला हुरूप आला. त्या दोन नळांच्या जोडीला सर इंग्रजीत 'कट' म्हणायचे. 'छेद' लिहायला हवं होतं. मी लिहिलं, 'सदर जाळ्यातील किमान कट बाजार चौक व रेल्वे रूळ या दोन ठिकाणी असल्याचे सिद्ध होते.'

दुपारी केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेबांच्या हातात लाल पेन होतं आणि चेहऱ्यावर समाधान.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "कट! आणि तुम्ही तो सिद्धही केलात. शाब्बास."

मला आधी काही कळेना. मग त्यांनी समासातला शेरा दाखवला: 'कटातील सहभागींची नावे सादर करावीत.' त्याखाली, 'व्हॉल्व्ह उघडा कोणी ठेवला? व्हॉल्व्हमन. तात्काळ कमी करावे.'

मी समजावू लागले. सर, हा तो कट नाही. हा नळांचा कट आहे. नळ कट करत नाहीत, सर, म्हणजे नळ कट केले तर... जितकं बोलले तितकी फसत गेले. साहेब म्हणाले, "किमान कट एवढा आहे, तर कमाल किती मोठा असेल?" त्यावर मला हसू फुटलं, आणि ते त्यांना आवडलं नाही. नगर परिषदेच्या अध्यक्षांना फोन गेला होता. त्यांच्या माणसांमार्फत संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मॅडमनी पाण्याचा कट उघडकीस आणला. पानपट्टीवर एकाने मला नमस्कार केला.

मामा मला शाळेच्या चौकात, चेंबरच्या कट्ट्यावर बसलेले भेटले. त्यांना सगळं कळलं होतं.

"मामा, तुम्ही साहेबांना माझा कागद का दाखवला नाही? व्हॉल्व्ह मी उघडायला लावला, हे सांगितलं का नाही?"

त्यांनी बनियनवर हात ठेवला. "कागद दावला की सायब ठिवून घेतील. फायलीत गेलेला कागद परत आलेला म्या न्हाई पाह्यला."

"मग गेला तर गेला. नोकरी जायलीय तुमची!"

"बावीस साल झाले, मॅडम. आमचा हजेरीपट वाळवीनं खाल्ला. पगार हातावर. आमी हितं काम करतो म्हून लिवलेला एकबी कागद न्हाई. ह्यो पयला. नाव हाय, हुद्दा हाय, शिक्का हाय." त्यांनी खिसा चाचपला. "त्यात काय लिवलंय ते जाऊ द्या."

मला तिथं रडू आलं. चौकात, शाळा सुटायच्या वेळी, ऑफिसच्या ओळखपत्रासकट. त्यांनी दिलेला पहिला सल्ला धुडकावून मी जो कागद लिहिला, तो या माणसाने बावीस वर्षांची कमाई म्हणून छातीशी बांधला होता. आणि तो वाचवायला नोकरी सोडायला निघाला होता, जी नसती तर त्या कागदाचा काही उपयोगच नव्हता. मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आसं व्हय," आणि पहिल्यांदाच थोडे घाबरलेले दिसले.

वस्तीची पाळी शनिवारी होती. सोमवारपासून मामा बंद. मी साहेबांना आणि अध्यक्षांना विनंती केली की शनिवारी एक तास हौदावर या, कट प्रत्यक्ष दाखवते. कट पाहायला मिळणार म्हटल्यावर दोघेही आले.

सकाळी विहारामागे जत्रा भरल्यासारखी गर्दी. अंगणवाडीच्या बाई हौदाच्या तोंडाशी, रेघ मोजायला. पहिला तास जोडलाइन होती तशी, चौदा आटे उघडी. पाणी सातव्या रेघेला टेकलं. मग हौद गल्ल्यांत रिकामा केला. बायांनी तेवढ्यात आपले हंडे भरून घेतले. मी सगळ्यांना जीपमधून शाळेच्या चौकात नेलं.

"आता मामा हा व्हॉल्व्ह बंद करतील," मी म्हणाले. "आणि हौदात पाणी वाढेल."

अध्यक्ष साहेबांकडे पाहून हसले. मीही एकदा असंच हसले होते. मामांनी चावी लावली आणि ओठ हलवत उलटे आटे मोजले. चौदाव्याला चावी थांबली. आम्ही परत आलो. तास फार सावकाश गेला. मला भीती वाटत होती, आणि ती गणिताबद्दल नव्हती. गणित बरोबर आहे हे मला माहीत होतं. जमिनीखालचा गाळ काय म्हणेल ते माहीत नव्हतं.

"सातवी बुडाली!" अंगणवाडीच्या बाई आतून ओरडल्या. घड्याळात अजून सात मिनिटं होती. तास भरला तेव्हा पाणी आठव्या रेघेच्या बोटभर खाली होतं. बायांनी त्या बोटासकट आठ धरले. मीही धरले.

साहेब हौदात वाकून बराच वेळ पाहत राहिले. आकड्यांचा भक्त आकड्यापुढे खरंच नमतो, हे त्यांचं मला आजही आवडतं. "म्हणजे बंद केल्यावर वाढलं," ते म्हणाले. मी त्यांना तिथंच, हौदाच्या कठड्यावर, विटेच्या तुकड्याने गोल काढून दाखवलं. जुनी टाकी उंच, तिचा जोर जास्त. जोडलाइन उघडी असली की ती शाळेच्या चौकात घुसते आणि नव्या टाकीची जागा अडवते, आणि स्वतःची बाजारची वाट मात्र पाव भाग रिकामी ठेवते. हे दोन नळ बदला, मग पुढे वाढेल. तोवर ऐंशी.

"मग तो उघडा कुणी ठेवला?" अध्यक्षांनी विचारलं. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं.

"मी," मी म्हणाले. आढळून आले वगैरे काही नाही. "मामा नको म्हणत होते. मी लेखी आदेश दिला."

"आदेश कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी सावकाश पिशवी काढली, कागद उलगडला आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला. साहेबांनी घ्यायला हात पुढे केला तर कागद मागे आला.

"वाचा सायब. असल न्हाई देणार. झेरॉक्स काढा."

आणि मुख्याधिकाऱ्यांनी हात मागे बांधून, मान पुढे करून तो वाचला.

पुढचं थोडक्यात. मामांना काढलं नाही. मला कारणे दाखवा नोटीस आली. मी खुलाशात लिहिलं, 'कारण माझे अज्ञान.' असं उत्तर आधी कुणी दिलेलं नसल्याने ते कुठल्या नियमात बसवायचं हे अजून ठरलेलं नाही. बाजाराचा आणि रुळाखालचा, असे दोन नळ बदलण्याचा माझा प्रस्ताव विचाराधीन आहे. दरम्यान नगर परिषदेने तिसरी टाकी मंजूर केली. जमिनीखालच्या नळाचं उद्‌घाटन करता येत नाही, टाकीचं करता येतं. मी तिचाही गोल काढून पाहिला. ऐंशीच. गावात अजूनही मला 'कटवाल्या मॅडम' म्हणतात, त्यात आता आदर किती आणि चेष्टा किती हे मी विचारत नाही. मागच्या दोन गल्ल्यांत पाणी येतं.

आणि मामा यादीत लागले. सेवेचा पुरावा मागितला गेला तेव्हा हजेरीपट वाळवीने खाल्लेलाच होता. त्यांच्याकडे एकच कागद होता, त्यांनी त्याची साक्षांकित प्रत जोडली. साक्षांकन माझंच. वरच्या कार्यालयाला नाव, हुद्दा आणि शिक्का हवा होता. मजकूर कुणी वाचला नाही. त्यांच्या सेवापुस्तकात आज तोच पहिला कागद आहे, वस्तीच्या पाळीच्या दिवशी जोडलाइनचा व्हॉल्व्ह पूर्ण चौदा आटे उघडा ठेवावा, खाली माझी सही. त्या आदेशाच्या जोरावर मामा कायम झाले, आणि दर चौथ्या दिवशी सकाळी जाऊन तो व्हॉल्व्ह चौदा आटे बंद करतात.